लाइट गेली की स्पीकर का घरघरतो? इन्व्हर्टरची वेव्ह, अडॅप्टर आणि दोष शोधायची पद्धत

महावितरणच्या लाइटवर स्पीकर शांत असतो. लाइट जाते, इन्व्हर्टर घर सांभाळतो आणि त्याच क्षणी स्पीकरमधून घरघर सुरू होते. लाइट आली की ती आपोआप थांबते. दुरुस्तीच्या दुकानात हा दोष सहसा सापडत नाही, कारण तिथे स्पीकर साध्या लाइटवर तपासतात आणि तो तिथे नीट वाजतो. म्हणून हा दोष घरातच शोधावा लागतो. एक पॉवर बँक आणि थोडा वेळ असला की बहुतेक ठिकाणी कारण सापडतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इन्व्हर्टर ही घरघर शून्यातून तयार करतो असं बहुधा नसतं. अडॅप्टरमधून होणारी गळती, एयूएक्स केबलचा खराब झालेला जोड किंवा स्पीकरमधला थकलेला कंडेन्सर हे दोष लाइटवरही असतातच, पण तिथे ते कानावर येत नाहीत. इन्व्हर्टरच्या वेव्हमुळे ते ऐकू येऊ लागतात. त्यामुळे नवा इन्व्हर्टर हा प्रत्येक वेळी पहिला उपाय ठरत नाही.

वेव्ह बदलते म्हणजे नेमकं काय होतं

लाइटचा दाब सेकंदाला 50 वेळा वर-खाली होतो. तो हळूहळू चढतो, 325 व्होल्टच्या आसपासचं टोक गाठतो आणि तसाच गोलाईने उतरतो. आपण ज्याला 230 व्होल्ट म्हणतो ती या सगळ्याची परिणामकारक सरासरी असते. हीच साइन वेव्ह. स्वस्त आणि जुन्या घरगुती इन्व्हर्टरची वेव्ह चौकोनी असते. दाब एकदम उडी मारून वर जातो, काही वेळ तिथेच राहतो आणि एकदम खाली पडतो. काही यंत्रांत मध्ये थोडा वेळ शून्यावर थांबून मग उलट दिशेला उडी असते. दुकानदार तिला मॉडिफाइड साइन वेव्ह म्हणतो, पण ती साइनपेक्षा चौकोनाच्याच जवळची असते.

चौकोनी वेव्हमध्ये 50 हर्ट्झसोबत 150, 250, 350, 450 अशा विषम पटींचे सूर मिसळलेले असतात. पूर्ण चौकोन असेल तर 150 चा जोर मूळ सुराच्या एक तृतीयांश, 250 चा एक पंचमांश आणि 350 चा एक सप्तमांश असतो. ही उतरण बरी वाटते, पण अडॅप्टरमध्ये ती नाहीशी होते.

बहुतेक हलक्या चार्जर आणि अडॅप्टरमध्ये लाइटची बाजू आणि कमी व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा निळा कंडेन्सर असतो. रेडिओ-टीव्हीला त्रास होऊ नये म्हणून तो मुद्दाम बसवलेला असतो आणि त्यातून अगदी थोडा करंट पलीकडे जातो. दोन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या किंवा फोनच्या धातूच्या कडेवर उलटा हात फिरवला की मुंग्यांसारखी झिणझिण लागते, ती याच करंटची. असा करंट साधारण एका मिलीअँपियरच्या दहाव्या भागाइतका असतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये त्याने धोका नसतो. मात्र कंडेन्सरचा स्वभाव असा की सूर जितका उंच, तितका तो त्याला सहज वाट देतो. 150 चा सूर मुळात तिसऱ्या भागाइतका असला तरी कंडेन्सर त्याला तिप्पट सहज जाऊ देतो. 250 चा सूर पाचव्या भागाइतका, तर त्याला पाचपट वाट मिळते. त्यामुळे पलीकडे पोहोचेपर्यंत सगळे सूर सारख्याच जोराचे होतात.

लाइटवर जी गळती होते ती जवळजवळ शुद्ध 50 हर्ट्झची असते. चार इंची स्पीकर तो सूर धड वाजवू शकत नाही आणि आपल्या कानालाही तो फार मंद लागतो. इन्व्हर्टरवर तीच गळती 250, 350, 450 मध्ये पसरते. तो पट्टा छोटा स्पीकर व्यवस्थित वाजवतो आणि कान चटकन पकडतो. लाइटवर ऐकू न येणारी गोष्ट इन्व्हर्टरवर ऐकू येण्याचं मुख्य कारण हेच आहे.

आधी इन्व्हर्टरची वेव्ह ओळखा

यंत्राच्या मागच्या लेबलवर किंवा माहितीपुस्तिकेत साइन वेव्ह, प्युअर साइन वेव्ह की स्क्वेअर वेव्ह ते लिहिलेलं असतं. लेबल पुसलं असेल तर छताचा पंखा खूण देतो. लाइट गेल्यावर पंखा फिरण्याच्या आवाजावर एक जाड गुरगुर चढली आणि रेग्युलेटर मधल्या आकड्यावर ठेवल्यावर ती वाढली, तर वेव्ह बहुधा चौकोनी आहे. ट्यूबलाइटची जुनी चोकही अशा वेळी किरकिरते.

मल्टिमीटर असेल तर आणखी एक खूण मिळते. स्वस्त मीटर वेव्ह साइनच आहे असं गृहीत धरून आकडा दाखवतो. पूर्ण चौकोनी वेव्ह खरोखर 230 व्होल्टची असली तर असा मीटर 255 च्या आसपास दाखवतो. मध्ये शून्यावर थांबणारी वेव्ह असेल तर तोच मीटर 180 पर्यंतही उतरतो. लाइटवर 230 आणि इन्व्हर्टरवर भलताच आकडा दिसला तर यंत्र बिघडलंय असं लगेच समजू नका. मीटर आणि वेव्ह यांचं जमत नाही, एवढंच त्यातून कळतं. सॉकेटमध्ये मीटरच्या पिना घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या. इन्व्हर्टरचे 230 व्होल्ट लाइटच्या 230 इतकेच जीवघेणे असतात, आणि मीटरजवळचा मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये करंट असतोच.

यंत्रावरचं यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असं बटण फिरवून पाहण्यात बहुतेक वेळा वेळ वाया जातो. ते बटण साधारणपणे लाइटचा दाब किती उतरल्यावर बॅटरीवर जायचं एवढंच ठरवतं, वेव्ह बदलत नाही.

तपासणी: एका वेळी एकच गोष्ट बदला

लाइट जायची वाट पाहू नका. इन्व्हर्टरची लाइटकडची पिन किंवा तिचा स्विच बंद करा, म्हणजे तो बॅटरीवर जाईल आणि घर चालू राहील. समोरचं चालू-बंद बटण मात्र दाबू नका, त्याने घरच बंद होईल. तपासताना पंखे आणि टीव्ही बंद ठेवा, नाहीतर त्यांची गुरगुर स्पीकरच्या नावावर लागते.

पहिली पायरी, आवाज कुठून येतो ते ठरवणं. स्पीकर चालू ठेवा, व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा आणि कान आधी जाळीजवळ, मग डब्याच्या मागच्या बाजूला न्या. जाळीतून काही येत नाही पण डबा हाताला थरथरतो, तर आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय. त्याच्या पट्ट्या चौकोनी वेव्हवर जास्त थरथरतात. हा आवाज केबल किंवा अडॅप्टर बदलून जात नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरी पायरी व्हॉल्यूमची. जाळीतून येणारा आवाज व्हॉल्यूम वाढवल्यावर वाढतो का ते पाहा. शून्यावरही तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे आहे, म्हणजे स्पीकरच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये किंवा त्याच्या अडॅप्टरमध्ये. बटणाबरोबर वाढला तर आवाज बाहेरून, सिग्नलच्या वाटेने आत येतोय.

तिसरी पायरी एयूएक्सची. केबल स्पीकरच्या बाजूने काढा. फोनच्या बाजूने काढून दुसरं टोक लोंबकळत ठेवलं तर ती केबल अँटेनासारखी वागते आणि भलताच गोंगाट ऐकवते. त्यावरून लोक अँप्लिफायर बिघडला असा चुकीचा निष्कर्ष काढतात. स्पीकरकडून केबल काढल्यावर घरघर गेली तर स्पीकर निर्दोष आहे. मग ब्लूटूथवर तेच गाणं लावून पाहा. ब्लूटूथवर शांत आणि केबलवर घरघर असेल तर दोष फोन, लॅपटॉप किंवा त्यांच्या चार्जरकडे आहे.

चौथ्या पायरीवर बहुतेक प्रकरणं सुटतात. केबल परत जोडा आणि फोनची किंवा लॅपटॉपची चार्जिंग पिन काढा. यंत्र स्वतःच्या बॅटरीवर आलं की घरघर त्याच क्षणी थांबते का ते ऐका. थांबली तर चार्जरची गळती केबलच्या आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून स्पीकरकडे जातेय, यात शंका ठेवू नका.

पाचवी पायरी, दोन पिनांचा अडॅप्टर उलटा करून लावणं. फेज आणि न्यूट्रलची जागा बदलली की गळतीचा मार्ग बदलतो आणि आवाज कमी-जास्त होतो. बराच कमी झाला तर अडॅप्टर त्याच बाजूने लावा आणि पिनेवर पेनाने खूण करा. याने दोष जात नाही, पण गळतीचा संशय पक्का होतो.

अँड्रॉइड फोनवर Spectroid सारखं आवाजाचे सूर वेगळे करून दाखवणारं ॲप असेल तर आणखी एक गोष्ट कळते. फोन जाळीजवळ धरून टोकं कुठे येतात ते पाहा. 150, 250, 350 वर टोकं असतील तर लाइटच्या बाजूची वेव्ह गळतीतून किंवा चुंबकीय ओढीतून तशीच आत येतेय. 100, 200, 300 वर असतील तर स्पीकरच्या सप्लायमधली लाट नीट गाळली जात नाही, म्हणजे फिल्टर कंडेन्सर थकलाय किंवा त्याला पुरेसा दाब मिळत नाही. 50 चं टोक दिसलं नाही तर त्यावर काही ठरवू नका, कारण फोनचे माइक इतका खालचा सूर नीट पकडत नाहीत.

एक प्रकरण: गायनाच्या वर्गातला स्पीकर

मिरजेकडच्या एका गायनाच्या वर्गात ही तक्रार होती. तानपुरा फोनवरच्या ॲपमधून यायचा, फोन एयूएक्सने एका कर्ण्याच्या आकाराच्या पॉवर्ड स्पीकरला जोडलेला आणि दिवसभर चालायचा म्हणून फोन कायम चार्जिंगला. गुरुजींचा सा काळी एकमध्ये. लाइटवर सगळं ठीक. लाइट गेली की तानपुऱ्याखाली एक परका सूर उभा राहायचा आणि यमन शिकवताना तो असह्य व्हायचा. त्यांचं म्हणणं होतं, “इन्व्हर्टरवर कोमल निषाद वाजतो.”

ते अक्षरशः खरं होतं. काळी एकचा सा 138.6 हर्ट्झचा. चौकोनी वेव्हमधला 250 चा सूर त्याच्या 1.8 पट, म्हणजे नऊ पंचमांश, आणि तिथेच कोमल निषाद बसतो. यमनात निषाद शुद्ध असल्यामुळे हा सूर कानाला टोचायचा. ज्यांचा सा दुसरा आहे त्यांना तीच घरघर नुसती घरघर वाटली असती. कानाने दिलेली ही माहिती ॲपवरही दिसली: 150, 250 आणि 350 वर स्पष्ट टोकं, 100 आणि 200 वर जवळजवळ काही नाही. इन्व्हर्टर जुना, चौकोनी वेव्हचा.

व्हॉल्यूम शून्यावर आणला तर जाळी शांत. एयूएक्स स्पीकरकडून काढली तरी शांत. परत जोडून फोनचा चार्जर काढला तर परका सूर गेला आणि नुसता तानपुरा उरला. चार्जर रस्त्यावरून घेतलेला, हलका, बीआयएसची खूण नसलेला.

आता हिशोब पाहा. फोन चार्जरशी जोडलेला, स्पीकर तीन पिनांचा आणि अर्थिंगशी जोडलेला. चार्जरमधून गळणाऱ्या करंटला जमिनीकडे जायला एकच सोपी वाट होती, एयूएक्स केबलची जाळी. गळती 0.1 मिलीअँपियर धरली आणि केबल चांगली, म्हणजे अर्ध्या ओहमची असेल, तर जाळीच्या दोन टोकांत 0.05 मिलीव्होल्ट दाब उभा राहतो. ते सहसा तानपुऱ्याखाली दबून जातं. पण ही केबल बारीक होती आणि फोनकडची पिन काळवंडून सैल झालेली. असा जोड सहज पाच ओहमपर्यंत जातो, आणि मग दाब दसपट, म्हणजे 0.5 मिलीव्होल्ट होतो. फोनचा सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. त्याच्या हजाराव्या भागाइतका चिकट, अखंड सूर शांत खोलीत नक्की ऐकू येतो. शिवाय चौकोनी वेव्ह ज्या क्षणी उडी मारते त्या क्षणी करंटचा टोकदार झटका जातो, तो या हिशोबात धरलेलाच नाही.

उपाय दोन केले. केबल जाड आणि आखूड, घट्ट बसणाऱ्या पिनेची घेतली. त्याने सूर बराच उतरला, पण गेला नाही. मग वर्गाच्या वेळात फोन पॉवर बँकेवर ठेवला. पॉवर बँक स्वतः लाइटला जोडलेली नसल्यामुळे गळतीला वाटच उरली नाही आणि सूर पूर्ण गेला. इन्व्हर्टर तोच राहिला. डब्यातून ट्रान्सफॉर्मरची हलकी गुणगुण अजून येत होती, ती कान लावल्यावरच कळायची आणि वर्गाच्या कामात आड येत नव्हती.

फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर दोष सापडला तर

सगळ्यात चांगला उपाय वर आलाच: सिग्नल देणारं यंत्र बॅटरीवर चालवा किंवा ब्लूटूथ वापरा. तसं जमत नसेल तर चार्जर बदला. घेताना लेबलवर बीआयएसची खूण आणि तिच्यासोबत R- आणि पुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. मोबाइल चार्जर आणि अडॅप्टरसाठी ही नोंदणी सक्तीची आहे. खूण असलेल्या चार्जरमधूनही थोडी गळती असतेच, पण ती मर्यादेत असते आणि आतलं अंतर नीट राखलेलं असतं. खूण नसलेल्या चार्जरमध्ये तो निळा कंडेन्सर साध्या प्रतीचा असू शकतो. तो फुटून शॉर्ट झाला तर लाइटचा पूर्ण दाब फोनच्या धातूपर्यंत येतो. झिणझिण वाढत गेली तर आवाजाचा विचार बाजूला ठेवून आधी तो चार्जर टाकून द्या.

लॅपटॉपचा अडॅप्टर तीन पिनांचा असेल तर तो तीन पिनांच्याच सॉकेटमध्ये आणि खऱ्या अर्थिंगला लावा. जाड पिन कापणं किंवा दोन पिनांचं कन्व्हर्टर लावणं हा घरघरीचा उपाय म्हणून सर्रास सांगितला जातो. कधीकधी आवाज जातोही, पण त्यासोबत माणसाला वाचवणारी तारही जाते. हे करू नका.

इथे एक गोष्ट तपासून घ्या. इन्व्हर्टरसाठी नंतर ओढलेल्या लाइनमध्ये वायरमनने फक्त फेज आणि न्यूट्रल नेलेली असते आणि सॉकेटचं जाड भोक आतून रिकामं असतं, असं पुष्कळ घरांत आढळतं. अर्थिंग नसलं की अडॅप्टरची गळती जमिनीऐवजी केबलच्या वाटेने जाते. वायरमनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या.

चार्जरही चालवायचा आहे आणि केबलही ठेवायची आहे, अशी अडचण असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. तिच्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं, जाळीचा सलग धातू मात्र तुटतो आणि गळतीची वाट बंद होते. ती स्पीकरच्या जवळ लावा. स्वस्त डबीत बेस थोडा पातळ होतो. वर्गात किंवा देवळात मिक्सर वापरत असाल तर त्याच कामाचा पॅसिव्ह डीआय बॉक्स घ्या, त्याचा ट्रान्सफॉर्मर मोठा असतो. मात्र दुसऱ्या पायरीत आवाज व्हॉल्यूमवर अवलंबून नाही असं दिसलं असेल तर या डबीवर पैसे घालू नका, तिचा काही उपयोग होणार नाही.

दोष स्पीकरच्या सप्लायमध्ये असेल तर

व्हॉल्यूम शून्यावरही घरघर येते तेव्हा स्पीकरचा सप्लाय कसला आहे ते आधी ओळखा. अडॅप्टर हलका असेल आणि लेबलवर 100-240V~ 50/60Hz असं लिहिलेलं असेल तर तो स्विचिंगचा. हातात घेतल्यावर वजनदार लागला आणि लेबलवर फक्त 230 व्होल्ट 50 हर्ट्झ असेल तर आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे. जुन्या टू पॉइंट वन आणि फाइव्ह पॉइंट वन संचांत असा ट्रान्सफॉर्मर वूफरच्या डब्यातच असतो.

लोखंडी ट्रान्सफॉर्मरची अडचण आकड्यांतून लगेच दिसते. समजा तो 12 व्होल्टचा आहे. लाइटवर त्याचं टोक 17 व्होल्टपर्यंत जातं. त्यातले दीडएक व्होल्ट डायोडमध्ये जातात आणि कंडेन्सरवर साडेपंधरा उरतात. पुढे 12 व्होल्टचा 7812 रेग्युलेटर असेल तर त्याला निदान 14 लागतात, म्हणजे काम व्यवस्थित चालतं. आता त्याला पूर्ण चौकोनी 230 द्या. चौकोनाचं टोकही 230 च, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून टोकाला 12 च येतात आणि डायोडनंतर साडेदहा उरतात. रेग्युलेटरला आपलं काम करायला दाबच उरत नाही आणि सप्लायमधली प्रत्येक लाट तो तशीच पुढे ढकलतो. शून्यावर थांबणाऱ्या वेव्हचं टोक याहून उंच असतं, त्यामुळे अशा इन्व्हर्टरवर फरक कमी पडतो. पण बॅटरी उतरली की स्वस्त यंत्रात टोकही उतरतं. म्हणून काही घरांत लाइट गेल्यावर पहिला अर्धा तास स्पीकर शांत असतो आणि नंतर घरघर सुरू होते. ही वेळेची खूण दिसली तर बॅटरीचं पाणी आणि तिची अवस्था आधी तपासा.

ॲपवर 100 आणि 200 ची टोकं असतील आणि लाइटवरही कान लावल्यावर तीच घरघर बारीक ऐकू येत असेल, तर फिल्टर कंडेन्सर थकला आहे. दुरुस्तीवाल्याला “इन्व्हर्टरवर हमिंग येतं, सप्लायचा मेन फिल्टर कंडेन्सर बदला” असं नेमकं सांगा. कंडेन्सरवर छापलेल्या व्होल्टपेक्षा कमीचा घालू देऊ नका. मायक्रोफॅरड थोडे जास्त चालतात, 2200 च्या जागी 3300 घालता येतो.

अडॅप्टर बाहेरचा असेल तर सोपं आहे. बाहेरून लागणारा अडॅप्टर 12 व्होल्ट डीसीचा असेल तर राउटरसाठी मिळणारा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस वापरता येतो. लाइट गेल्यावर तो स्पीकरला स्वतःच्या लिथियम बॅटरीतून दाब देतो. मात्र तो थेट लाइटवर चालणाऱ्या वेगळ्या सॉकेटला लावा. इन्व्हर्टरच्या लाइनला लावलात तर त्याच्या चार्जरमधून तीच गळती परत येऊ शकते. अँपियरचा आकडा जुन्या अडॅप्टरइतका किंवा जास्त हवा आणि पिनेच्या आतलं टोक प्लस आहे की मायनस ते दोन्ही लेबलांवर जुळवून घ्या. काही अडॅप्टरमधून डीसी नव्हे तर एसी येतो. त्यांच्या लेबलवर आउटपुटच्या आकड्यापुढे नागमोडी रेघ किंवा एसी असं असतं. त्यांच्या जागी मिनी यूपीएस चालत नाही.

इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीवरून थेट तारा ओढून 12 व्होल्टचा स्पीकर चालवू नका. चार्जिंगच्या वेळी तिथे 14 व्होल्टहून जास्त दाब असतो आणि शॉर्ट झाल्यावर ती बॅटरी तार वितळवण्याइतका करंट देते.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे, तरीही घरघर येते

आधी इन्व्हर्टरपासूनचं अंतर पाहा. त्याच्यातल्या जड ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि बॅटरीवर चालताना ते जोरात असतं. स्पीकर किंवा एयूएक्सची वायर त्याच्या वीतभर अंतरावरून जात असेल तर आवाज हवेतूनच ओढला जातो. स्पीकर दोन मीटर लांब नेऊन पाहा, वायर इन्व्हर्टरच्या वायरींना समांतर नेऊ नका.

मग भार कमी करून ऐका. एक-एक पंखा, फ्रिज, टीव्ही बंद करत गेलात आणि घरघर पायरीपायरीने उतरली, तर यंत्र त्याच्या क्षमतेच्या काठावर चालतंय आणि त्याच्या साइन वेव्हचा माथा चपटा होतोय.

तिसरी शक्यता जुन्या साइन वेव्ह यंत्राची. हे यंत्र आत अतिशय वेगाने चालू-बंद करून वेव्ह घडवतं आणि बाहेर पडण्याआधी काही मायक्रोफॅरडचा एसी कंडेन्सर तिचे दाते घासून काढतो. हा कंडेन्सर वयाने कमजोर झाला की दाते तसेच बाहेर येतात. मग स्पीकरमध्ये जाड घरघरीऐवजी बारीक चिर्रर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येतो आणि पंखेही पूर्वीपेक्षा जास्त गुरगुरतात. ही दुरुस्ती स्वस्त असते, पण ती इन्व्हर्टरवाल्यानेच करायची. आतले कंडेन्सर बंद केल्यावरही काही वेळ भरलेले राहतात.

स्पाइक गार्ड किंवा लाइन फिल्टर लावून चौकोनी वेव्ह सुधारत नाही. ते विजेच्या झटक्यांसाठी आणि रेडिओच्या पट्ट्यातल्या, म्हणजे लाखभर हर्ट्झच्या पुढच्या गोंगाटासाठी असतात. आपली अडचण 150 ते हजार हर्ट्झमधली आहे. तिथे त्या पेटीचा काही उपयोग नाही, दुकानात काहीही सांगितलं तरी.

वरचं सगळं करूनही डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण किंवा सप्लायची घरघर उरली आणि इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असेल, तर मात्र साइन वेव्हचं यंत्र घेणं हाच उपाय. बॅटरी चांगली असेल तर तीच बहुतेक वेळा चालते, फक्त तिचे व्होल्ट आणि प्रकार नव्या यंत्राशी जुळतात का ते विचारून घ्या. पैसे देण्याआधी दुकानदाराला बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला तुमचाच स्पीकर लावू द्यायला सांगा. सोबत फोन आणि त्याचा नेहमीचा चार्जर न्या, व्हॉल्यूम शून्यावर आणि मग अर्ध्यावर ठेवून ऐका. चार्जर लावल्यावरच घरघर आली तर नवं यंत्र घ्यायची घाई करू नका. आधी चार्जर बदला.